पीटी नॉर्मल, एपीटीटी लांबलेली: एका रिपोर्टचा उलगडा पायरीपायरीने

नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयातून संध्याकाळी फोन येतो आणि पलीकडचे तरुण निवासी डॉक्टर घाईघाईने विचारतात, “सर, पेशंटची पीटी नॉर्मल आहे, पण एपीटीटी ७४ आली आहे. उद्या सकाळी ऑपरेशन ठरलं आहे. रात्री दोन-तीन पिशव्या प्लाझ्मा देऊन घेऊ का?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘आताच नको’ असे असते, आणि ते तसे का असते हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणाऱ्या दोन चाचण्या. एपीटीटी एकटीच लांबलेली असण्यामागे निव्वळ नमुन्याची चूक असू शकते, जन्मजात हिमोफिलिया असू शकतो, रक्तस्राव मुळीच न करणारी एखादी कमतरता असू शकते, उलट गुठळ्या करणारे प्रतिपिंड असू शकते किंवा जिवावर बेतणारे दुसरेच प्रतिपिंड असू शकते. या पाचांपैकी नेमके काय आहे, हे जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळेलाही बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी फक्त पायऱ्यांचा क्रम चुकवायचा नाही.

दोन नळ्यांत नेमके काय घडते

दोन्ही चाचण्या सायट्रेट घातलेल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लाझ्मावर, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला होतात, आणि दोन्हींत घड्याळ थांबते ते फायब्रिनचा धागा दिसू लागला की. फरक आहे तो गोठण्याची सुरुवात कुठून करून दिली जाते यात.

प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी, ही चाचणी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. तिच्यात १०० मायक्रोलिटर प्लाझ्मामध्ये थ्रॉम्बोप्लास्टिन, म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि फॉस्फोलिपिड, कॅल्शियमसह २०० मायक्रोलिटर घातले जाते. टिश्यू फॅक्टर हा जखमी ऊतीतून रक्ताला मिळणारा इशारा आहे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना क्रमांकाने ओळखले जाणारे फॅक्टर म्हणतात; टिश्यू फॅक्टर त्यांपैकी सातव्याला धरतो, ही जोडी दहाव्याला जागे करते, दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते. वाट आखूड असल्यामुळे वेळही कमी लागतो, साधारण ११ ते १४ सेकंद.

एपीटीटी, म्हणजे ॲक्टिव्हेटेड पार्शल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम, या चाचणीत टिश्यू फॅक्टर मुद्दामच वगळलेला असतो. तिच्या रिएजंटमध्ये फॉस्फोलिपिड असते, पण ते ‘अर्धवट’ थ्रॉम्बोप्लास्टिन, आणि सोबत सिलिका, केओलिन किंवा इलॅजिक ॲसिड यांपैकी एखादा ॲक्टिव्हेटर असतो. प्लाझ्मा आणि हे रिएजंट प्रत्येकी १०० मायक्रोलिटर एकत्र करून रिएजंटच्या माहितीपत्रकाप्रमाणे तीन ते पाच मिनिटे ३७ अंशांवर ठेवतात. या मिनिटांत बारावा आणि अकरावा फॅक्टर ॲक्टिव्हेटरच्या पृष्ठभागावर जागे होतात, पण कॅल्शियम नसल्यामुळे साखळी तिथेच अडून राहते. मग ०.०२५ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे १०० मायक्रोलिटर घातले की घड्याळ सुरू होते आणि अकरावा नवव्याला, नववा आठव्याच्या मदतीने दहाव्याला, आणि तिथून पुढे पीटीचीच वाट, असा प्रवास साधारण २५ ते ३५ सेकंदांत पुरा होतो. हे आकडे अंदाजासाठी आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या रिएजंटवर आणि आपल्या यंत्रावर निरोगी माणसांचे नमुने चालवून स्वतःची मर्यादा ठरवायला हवी आणि रिएजंटचा लॉट बदलला की ती पुन्हा तपासायला हवी.

यावरून वाचनाची किल्ली मिळते. सातवा फॅक्टर फक्त पीटीत मोजला जातो. बारावा, अकरावा, नववा आणि आठवा हे फक्त एपीटीटीत मोजले जातात. दहावा, पाचवा, प्रोथ्रॉम्बिन आणि फायब्रिनोजेन दोन्हींत येतात. पुस्तकात यांना बाह्य, आंतरिक आणि सामाईक मार्ग म्हणतात, आणि रिपोर्ट वाचण्यासाठी हे नकाशासारखे उपयोगी आहे. मात्र हा नकाशा काचेच्या नळीचा आहे, शरीराचा नाही. शरीरात टिश्यू फॅक्टर आणि सातव्याची जोडी नवव्यालाही जागे करते, म्हणूनच हिमोफिलियाच्या मुलाचा ‘बाह्य मार्ग’ पूर्ण शाबूत असूनही त्याचे गुडघे रक्ताने भरतात. उलट बाराव्या फॅक्टरची शरीराला रक्त थांबवण्यासाठी गरज पडत नाही. हे ज्यांच्यामुळे कळले ते जॉन हेगमन अमेरिकेतले रेल्वे कामगार होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त नळीत गोठेना, पण त्यांना आयुष्यात कधी वावगा रक्तस्राव झाला नव्हता. १९५५ मध्ये त्यांच्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला, बाराव्या फॅक्टरला ‘हेगमन फॅक्टर’ नाव मिळाले, आणि पुढे १९६८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. एपीटीटीच्या लांबीवरून रक्तस्रावाचा धोका मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आधी नमुना तपासावा, मग रुग्ण

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काटोल, उमरेड किंवा रामटेकहून नमुना यायचा तर वाटेत दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे आमच्या भागात लांबलेल्या एपीटीटीचे पहिले संशयित कारण रुग्ण नसून नळी असते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण अपेक्षित असते, म्हणजे ०.३ मिलिलिटर सायट्रेटच्या नळीत २.७ मिलिलिटर रक्त, खुणेच्या रेषेपर्यंत. नळी अर्धी भरली तर सायट्रेट उरते, ते चाचणीत घातलेले कॅल्शियमही बांधून टाकते आणि वेळ खोटी लांबते; एपीटीटीला हा फटका पीटीपेक्षा जास्त बसतो. जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या मुलांमध्ये तर नळी काठोकाठ भरूनही हीच चूक होते, कारण त्यांचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचा टक्का, ६० च्या पुढे असतो आणि त्या रक्तात प्लाझ्माच कमी असतो. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तर सायट्रेट कमी करावे लागते. शंभरातून हिमॅटोक्रिट वजा करून त्याला रक्ताच्या मिलिलिटरने आणि ०.००१८५ ने गुणले की हवे तेवढे सायट्रेट मिळते. हिमॅटोक्रिट ६० आणि रक्त २.७ मिलिलिटर असेल तर ४० गुणिले २.७ गुणिले ०.००१८५, म्हणजे जवळपास ०.२ मिलिलिटर. नळीतले ०.१ मिलिलिटर निर्जंतुक सिरिंजने काढून टाकून मग रक्त घ्यावे.

उन्हाचा परिणाम सगळ्यांना पटतो: आठवा आणि पाचवा फॅक्टर उष्णतेत लवकर क्षीण होतात. पण त्यावर लोक जो उपाय करतात तो अनेकदा मूळ दुखण्याहून वाईट ठरतो. काही वर्षांपूर्वी एका बाहेरगावच्या दवाखान्यातून आठ वर्षांच्या मुलाचा नमुना थर्मासमध्ये बर्फात घालून आला. एपीटीटी ४६ सेकंद निघाली, आठवा फॅक्टरही कमी निघाला आणि मी सौम्य हिमोफिलियाची शंका लिहून बसलो. मुलाला बोलावून समोरच रक्त काढले तेव्हा एपीटीटी ३२ आली. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेले सायट्रेटचे रक्त बर्फात ठेवले की आठवा फॅक्टर आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर घटतात, आणि सातवा मात्र थंडीने जागा होऊन पीटी आखूड दिसू शकते, हे वाचून मला ठाऊक होते. तरीही थर्मास पाहून मला नमुना फार काळजीने पाठवला आहे असेच वाटले. तेव्हापासून आमचा नियम साधा आहे: नळी १८ ते २४ अंशांच्या खोलीच्या तापमानात, उन्हापासून दूर, उभी आणावी, आणि एपीटीटी रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत व्हावी. पीटीसाठी झाकणबंद नळी २४ तास चालते. वाट लांब असेल तर जिथे रक्त काढले तिथेच नमुना फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा. फिरवताना १,५०० जी इतक्या वेगाने १५ मिनिटे हे सर्वसाधारण प्रमाण आहे. प्लाझ्मात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला १०,००० पेक्षा कमी उरले पाहिजेत, विशेषतः प्लाझ्मा गोठवायचा असेल तर, कारण फुटलेल्या प्लेटलेटचे फॉस्फोलिपिड पुढच्या काही चाचण्यांवर पांघरूण घालते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून

पीटी एकटी लांबली असेल तर बोट सातव्या फॅक्टरकडे जाते. या फॅक्टरचे अर्धायुष्य सहा तासांच्या आसपास, म्हणजे या कुटुंबात सर्वांत कमी, म्हणून व्हिटॅमिन ‘के’ कमी पडू लागले, यकृत थकू लागले किंवा रक्त पातळ करणारे वॉरफरिन नुकतेच सुरू केले की पहिली हालचाल पीटीत दिसते. दोन्ही लांबल्या असतील तर सामाईक मार्ग तरी अडला आहे किंवा एकाच वेळी अनेक फॅक्टर कमी झाले आहेत: यकृताचा जुना आजार, शरीरभर गोठण्याची क्रिया भडकून फॅक्टर संपवणारी डीआयसी, किंवा शेतात वापरले जाणारे ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीरनाशक पोटात जाणे. विदर्भात पावसाळ्यात घोणस चावलेल्या रुग्णात दोन्ही वेळा मोजता येणार नाहीत इतक्या लांबतात, कारण तिचे विष दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला थेट जागे करून फायब्रिनोजेन संपवून टाकते. अशा वेळी रिपोर्टची वाट न पाहता खाटेशेजारी कोऱ्या काचेच्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठते का, ते पाहणे अधिक उपयोगाचे असते.

इथे आयएनआरविषयी एक वाक्य आवश्यक आहे, कारण सगळेच रिपोर्ट हल्ली तो छापतात. रुग्णाच्या पीटीला सरासरी नॉर्मल पीटीने भागून त्या भागाकाराला रिएजंटच्या आयएसआय या घातांकाने चढवले की आयएनआर मिळतो. रुग्ण २४, नॉर्मल १२ आणि आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.०, पण आयएसआय १.३ असेल तर तोच भागाकार २.५ च्या जवळ जातो. ही दुरुस्ती वॉरफरिन किंवा तत्सम गोळ्या घेणाऱ्यांसाठी घडवलेली आहे. यकृताच्या रुग्णाचा रक्तस्रावाचा धोका तिच्यावरून ठरवणे हे पट्टीने ताप मोजण्यासारखे आहे.

दोन्ही नॉर्मल असूनही रुग्णाला रक्तस्राव होत असेल तर या दोन चाचण्यांनी आपले काम संपवले आहे, रुग्णाला निर्दोष ठरवलेले नाही. प्लेटलेटचे काम, बराचसा व्हॉन विलब्रँड आजार आणि तेरावा फॅक्टर हे या चाचण्यांच्या नजरेत येतच नाहीत. तेरावा फॅक्टर फायब्रिन तयार झाल्यावर ते घट्ट विणतो आणि आपले घड्याळ त्याआधीच थांबलेले असते. बाळाची नाळ पडल्यावर दिवसेंदिवस रक्त झिरपत राहिले तर त्याची आठवण व्हावी. शिवाय आठवा फॅक्टर ३० ते ४० टक्के असलेल्या सौम्य हिमोफिलियात अनेक रिएजंटवर एपीटीटी नॉर्मलच येते.

एकटी लांबलेली एपीटीटी: उदाहरण

आता मूळ फोनकडे वळू. हे उदाहरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा प्रत्यक्षात येतो तसाच आहे. काटोल भागातील ६६ वर्षांचे संत्रा बागायतदार. तीन आठवड्यांपासून अंगावर काळेनिळे डाग, उजव्या मांडीत कडक सूज, चालता येत नाही. शल्यविशारदांना गळू असावे असे वाटून चिरा देण्याचे ठरले आहे. प्लेटलेट २,४०,०००, पीटी १२.९ सेकंद, कंट्रोल १२.६. एपीटीटी ७४ सेकंद, कंट्रोल ३०.

पहिली पायरी म्हणजे विचारणे. बागायतदारांच्या वहिनी म्हणतात, “भाऊजींचे दात काढले, हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा काही रक्त गेले नाही. हे सारं आताच सुरू झालं.” या दोन वाक्यांनी जन्मजात तीव्र हिमोफिलिया जवळजवळ बाद होतो. डागही बोलके आहेत: हिमोफिलियाच्या मुलांत सांधे भरतात, इथे मात्र कातडीखाली आणि स्नायूंत पसरलेला रक्तस्राव आहे. औषधांचीही चौकशी करावी, विशेषतः हिपॅरिनची आणि रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांची.

दुसरी पायरी म्हणजे हिपॅरिन नाही ना, हे नळीत सिद्ध करणे, कारण सलाइनच्या लाइनमधून किंवा डायलिसिसच्या कॅथेटरमधून काढलेल्या नमुन्यात ते नकळत शिरते. पीटीच्या बहुतेक रिएजंटमध्ये हिपॅरिन निकामी करणारा पदार्थ घातलेला असतो, म्हणून थोडे हिपॅरिन असले की पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांब असेच चित्र दिसते आणि माणूस फसतो. थ्रॉम्बिन टाइम ही स्वस्त चाचणी इथे निर्णय देते: प्लाझ्मात थेट थ्रॉम्बिन घातले जाते आणि हिपॅरिन असेल तर ही वेळ प्रचंड लांबते. आपल्या रुग्णात ती १६ सेकंद आहे, कंट्रोलही १६. रक्त हाताच्या शिरेतून नव्याने काढले तरी एपीटीटी ७३ येते. आता दोष रुग्णाच्या रक्तात आहे, हे नक्की.

तिसरी पायरी म्हणजे मिक्सिंग, आणि इथे थोडे थांबावे लागेल. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा समान भागांत मिसळायचा. तर्क असा की रुग्णात आठवा फॅक्टर २ टक्के असला आणि निरोगी प्लाझ्मात १०० टक्के, तर मिश्रणात ५१ टक्के होतो, आणि ५० टक्के फॅक्टर एपीटीटी नॉर्मल करायला पुरतो. त्यामुळे निव्वळ कमतरता असेल तर वेळ दुरुस्त होते. उलट रुग्णाच्या प्लाझ्मात विरोधक प्रतिपिंड असेल तर ते निरोगी प्लाझ्मावरही हात टाकते आणि वेळ लांबच राहते. दुरुस्त झाली की नाही हे नजरेने ठरवू नये. मिश्रणाच्या वेळेतून निरोगी प्लाझ्माची वेळ वजा करावी, रुग्णाच्या वेळेने भागावे आणि १०० ने गुणावे. याला रॉसनर निर्देशांक म्हणतात. तो साधारण १२ च्या आत असेल तर दुरुस्ती झाली, १५ च्या वर असेल तर नाही, आणि मधल्या आकड्याला प्रयोगशाळेने आपल्या अनुभवातून सीमा घालावी.

आपल्या रुग्णाचे मिश्रण लगेच तपासले तर ३८ सेकंद येतात. ३८ वजा ३०, भागिले ७४, गुणिले १००, म्हणजे १०.८. दुरुस्ती झाली, कमतरताच आहे, प्लाझ्मा द्या, असे म्हणण्याचा मोह इथे होतो, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. आठव्या फॅक्टरविरुद्धचे प्रतिपिंड मंद असते. त्याला नवा आठवा फॅक्टर निकामी करायला ३७ अंशांवर एक ते दोन तास लागतात. लगेच तपासलेल्या मिश्रणात त्याला काम करायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून चौथी पायरी, आणि ती चार नळ्यांनी करायची. पहिल्या नळीत फक्त रुग्णाचा प्लाझ्मा, दुसरीत फक्त निरोगी प्लाझ्मा, तिसरीत दोघांचे समान मिश्रण; तिन्ही झाकणे लावून दोन तास ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायच्या. दोन तासांनंतर पहिल्या दोन नळ्यांतून घेऊन चौथ्या नळीत ताजे मिश्रण करायचे. ही चौथी नळी अनेकजण आळसाने सोडून देतात, पण तिच्याशिवाय निकालाला अर्थ उरत नाही, कारण दोन तासांच्या उबेत आठवा आणि पाचवा फॅक्टर आपोआपही थोडे घटतात. चौथ्या नळीत ती आपोआपची घट झालेली असते, पण प्रतिपिंड आणि निरोगी आठवा फॅक्टर मात्र एकमेकांना नुकतेच भेटलेले असतात. तिसरी नळी चौथीपेक्षा स्पष्टपणे लांब आली तरच प्रतिपिंड सिद्ध होते.

बागायतदारांच्या नमुन्यात रुग्ण ८१, निरोगी ३२, ताजे मिश्रण ४० आणि दोन तास उबवलेले मिश्रण ६३ सेकंद आले. ताज्या आणि उबवलेल्या मिश्रणात २३ सेकंदांचा फरक आहे आणि निर्देशांक १०.८ वरून ३८ वर गेला आहे. हे वेळेनुसार वाढणारे प्रतिपिंड आहे.

लगेचच्या मिश्रणातच दुरुस्ती न होणे आणि दोन तासांनी फारसे न बदलणे हे चित्र मात्र बहुधा ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचे असते. नाव रक्त न गोठण्याचे, पण रुग्णाचा त्रास गुठळ्यांचा किंवा वारंवार गर्भपाताचा. ते नळीतल्या फॉस्फोलिपिडला अडवते, म्हणून जादा फॉस्फोलिपिड घातले की वेळ आखूड होते. त्याच्या खात्रीच्या एका चाचणीत दहाव्या फॅक्टरला थेट जागे करण्यासाठी घोणशीचेच विरळ केलेले विष वापरतात. जे शिवारात जीव घेते ते प्रयोगशाळेत असे कामी येते.

पाचवी पायरी म्हणजे एकेक फॅक्टर मोजणे. रक्तस्राव आहे म्हणून आधी आठवा, मग नववा, मग अकरावा. बारावा मोजण्याची घाई नाही. निकाल आले ते असे: आठवा २ टक्के, नववा ३८, अकरावा ४५. तीन फॅक्टर एकदम कमी पाहून गोंधळ उडतो, पण ही मापनेही एपीटीटीवरच आधारलेली असतात आणि नमुना दहापट विरळ करूनही त्यातले प्रतिपिंड त्या चाचणीतील आठव्या फॅक्टरला त्रास देऊ शकते. उपाय म्हणजे आणखी विरळ करून पुन्हा मोजणे. चाळीसपट विरळ केल्यावर, मूळ प्रमाणात हिशेब करून, नववा ९६ आणि अकरावा ९० टक्के झाला, आठवा मात्र २ टक्क्यांवरच राहिला. जो विरळ केल्याने वर येतो तो निर्दोष, जो खालीच राहतो तो खरा बळी.

शेवटी प्रतिपिंडाचे बळ मोजतात ते बेथेस्डा एककात. जेवढे प्रतिपिंड दोन तासांत ३७ अंशांवर निरोगी प्लाझ्मातील आठवा फॅक्टर निम्मा शिल्लक ठेवते, ते एक एकक. रुग्णाचा प्लाझ्मा वीसपट विरळ केल्यावर निम्मा फॅक्टर शिल्लक राहिला, म्हणून बळ २० एकके. हा आकडा आणि रक्तस्रावाची तीव्रता यांचे नाते सैल असते. कमी एककांतही जीवघेणा रक्तस्राव होतो, म्हणून ‘फक्त पाच एकके’ या शब्दांनी कोणी निश्चिंत होऊ नये.

निदान झाले उपार्जित हिमोफिलिया ‘ए’. हा आजार बहुधा साठीपुढच्या माणसांत, कधी बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, कधी संधिवातासारख्या स्वयंप्रतिकार आजारासोबत किंवा कर्करोगासोबत येतो, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. मांडीतील सूज गळू नव्हती, रक्ताची होती. चिरा दिला असता तर रक्तस्राव थांबला नसता. रात्रीच्या दोन-तीन पिशव्या प्लाझ्माचाही उपयोग झाला नसता, कारण त्यातला आठवा फॅक्टर प्रतिपिंडाने तासाभरात-दोन तासांत गिळला असता आणि सकाळी एपीटीटी पुन्हा तिथेच दिसली असती. अशा रुग्णात आठव्या फॅक्टरला वळसा घालून जाणारी औषधे, म्हणजे रिकॉम्बिनंट सक्रिय सातवा फॅक्टर किंवा सक्रिय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, रक्त थांबवतात, आणि प्रतिपिंड मुळातून घालवण्यासाठी प्रेडनिसोलोन व त्याच्या जोडीची औषधे रक्तविकारतज्ज्ञ सुरू करतात. वळसा घालणाऱ्या औषधांचा परिणाम एपीटीटीत मोजता येत नाही, म्हणून आकडा खाली आला नाही या कारणाने मात्रा वाढवू नये. सूज, वेदना आणि हिमोग्लोबिन यांवर लक्ष ठेवावे. प्रतिपिंड ओसरते आहे का, हे आठवा फॅक्टर आणि बेथेस्डा एकके ठरावीक अंतराने मोजूनच कळते.

अशा नमुन्याचा रिपोर्ट पाठवताना मी आकड्यांखाली तीन ओळी लिहितो: ‘एपीटीटी मिश्रणाने तात्काळ दुरुस्त, दोन तासांनी दुरुस्त नाही. आठव्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंड. शस्त्रक्रिया, धमनीतून रक्त काढणे आणि स्नायूतील इंजेक्शन तूर्त टाळावे.’ आणि रिपोर्ट संगणकावर गेला तरी ज्या डॉक्टरांनी संध्याकाळी फोन केला होता, त्यांना त्याच रात्री स्वतः उलट फोन करतो.